दोन मिनिटांचा लेखक-परिचय

अमरावतीत सुरेश भटांच्या गझलांची एक संध्याकाळ ठरली आहे, असं समजू. एक गायक आहे, साथीला तबला आणि हार्मोनियम आहे, मध्यंतरात एक अभ्यासक पंधरा मिनिटं बोलणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक यांच्यानंतर एक ओळ आहे: ‘कवी परिचय, दोन मिनिटं’. तो परिचय लिहायचा एकाने आणि वाचायचा निवेदिकेने. आपल्याकडच्या बहुतेक साहित्यिक कार्यक्रमांत हे काम असंच दोघांत वाटलेलं असतं. लिहिणाऱ्याला कवी माहीत असतो, पण माईकसमोर तो नसतो. निवेदिका माईकसमोर असते, पण कागद तिच्या हाती बऱ्याचदा कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी येतो.

या लेखात तो कागद कसा तयार करायचा, हे पायरीपायरीने पाहू. उदाहरणं दोन घेतली आहेत. पहिलं, अमरावतीतली भटांची संध्याकाळ. कवी सगळ्यांना माहीत असतो, आणि अडचण हीच की सांगण्यासारखं फार असतं. दुसरं, अकोल्यात उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या कादंबरीचं अभिवाचन. लेखकाचं नाव ऐकलेलं असतं, पण सभागृहातल्या तरुणांपैकी अनेकांनी पुस्तक वाचलेलं नसतं. दोन्ही ठिकाणी निवडीची कसोटी एकच ठेवायची: परिचयानंतर लगेच जे सादर होणार आहे, ते नीट ऐकण्यासाठी श्रोत्याला काय माहीत असायला हवं? तेवढंच सांगायचं. बाकीचं कितीही खरं आणि मोठं असलं, तरी ते दुसऱ्या कार्यक्रमासाठी ठेवायचं.

आधी वेळ, मग शब्द

माईकवर सावकाश, स्पष्ट मराठी वाचणारी व्यक्ती एका मिनिटात साधारण शंभर शब्द वाचते. सराव असलेली निवेदिका थोडे जास्त वाचेल, पण सभागृहात आवाज घुमतो, मागच्या रांगेत पंख्याची घरघर असते, त्यामुळे वेग वाढवण्यात फायदा नाही. म्हणजे दोन मिनिटांचा परिचय हा जास्तीत जास्त दोनशे शब्दांचा. थांबे धरले तर दीडशे ते पावणेदोनशे शब्द योग्य. हस्ताक्षरात ते जेमतेम एक पान होतं. लिहायला बसण्यापूर्वी हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, कारण पुढची प्रत्येक निवड त्यावर ठरते.

आता भटांबद्दल सहज हाती येणारी माहिती काढा. १५ एप्रिल १९३२ला अमरावतीत जन्म, १४ मार्च २००३ला निधन. ‘रूपगंधा’ १९६१, ‘रंग माझा वेगळा’ १९७४, ‘एल्गार’ १९८३, नंतर ‘झंझावात’ आणि ‘सप्तरंग’. बालपणी पोलिओ. हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेली गाणी. ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ या चित्रपटांतली गीतं. ‘भीमवंदना’. ‘गझलेची बाराखडी’. नव्या गझलकारांना लिहिलेली पत्रं. नागपूरच्या रेशीमबागेतलं त्यांच्या नावाचं सभागृह. एवढं नुसतं वाचून दाखवलं, तरी दोन मिनिटं संपतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही राहत नाही.

म्हणून प्रत्येक बाबीला तोच प्रश्न विचारायचा. आज गझल गायली जाणार आहे. पोलिओची माहिती गझल ऐकायला मदत करते का? नाही. ती करुणा जागवते, आणि पहिली गझल त्या करुणेखाली दबते. ती वगळायची. चित्रपटांची नावं? गायक ती गाणी गाणार असेल तर तो स्वतःच सांगेल. आधी सांगितलं तर त्याच्या हातचं निवेदन आपण घेतो. सभागृहाचं नाव? तो कवीचा गौरव आहे, कवितेची ओळख नव्हे. हेही वगळायचं.

मग उरतं काय? भट याच गावचे, हे उरतं, कारण अमरावतीच्या श्रोत्याचं त्यांच्याशी नातं तिथून जुळतं. त्यांच्या लेखनाची दिशा कवितेकडून गझलेकडे कशी गेली, हे उरतं. आणि गझल लिहिण्याची रीत त्यांनी इतरांना शिकवली, हे उरतं, कारण आज व्यासपीठावरच्या अनेक मराठी गझला त्या शिकवणीतून आल्या आहेत. तीन मुद्दे झाले. दोन मिनिटांत तीनच मुद्दे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतात. चौथा आला की पहिला निसटतो.

प्रसंग बदलला की ही निवडही बदलते. हाच कार्यक्रम १४ एप्रिलला, डॉ. आंबेडकर जयंतीच्या सप्ताहात असेल, तर ‘भीमवंदना’ लिहिणारा कवी हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर येईल आणि ‘गझलेची बाराखडी’ मागे पडेल. कवी तोच, माहिती तीच, पण सायंकाळ वेगळी. म्हणून एकदा लिहिलेला परिचय फाइलमध्ये ठेवून दरवर्षी तसाच वाचणं बरोबर नाही.

कुठे चूक होते

परिचयातल्या चुका बहुतेक वेळा विशेषणांत आणि पहिलेपणाच्या दाव्यांत लपलेल्या असतात. भटांबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारा दावा म्हणजे ‘मराठीत गझल आणणारे पहिले कवी’. हे खरं नाही. माधव जूलियन यांचा ‘गज्जलांजली’ हा संग्रह १९३३ मधला, म्हणजे भट एक वर्षाचे असतानाचा. सभागृहात मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक जरी बसले असले, तरी हे वाक्य ऐकून ते शेजाऱ्याकडे वळतील आणि पुढची दहा वाक्यं दोघांच्याही कानावर पडणार नाहीत. ‘मराठीत गझल रुजवली’ हे वाक्य खरं आहे आणि तेवढंच मोठंही आहे. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वाधिक’ हे शब्द मसुद्यात आले की त्यांच्याखाली रेघ मारावी आणि प्रत्येकाचा पुरावा हाती आहे का, ते पाहावं. पुरावा नसेल तर शब्द काढावा. वाक्य सहसा आणखी चांगलंच होतं.

दुसरी नेहमीची चूक संमेलनांच्या नावांत होते. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीतच झाली, आणि संघाचं स्वतःचं विदर्भ साहित्य संमेलन भरतं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन हे वेगळं. परिचयपत्रात ‘संमेलनाध्यक्ष’ एवढंच लिहिलेलं असतं आणि मसुदा लिहिणारा सवयीने ‘अखिल भारतीय’ जोडून टाकतो. अचलपूरचे राम शेवाळकर १९९४ च्या पणजीच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांच्या परिचयात ते शब्द शोभतात. सुरेश भट अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष कधीच नव्हते. तो मान त्यांना न मिळाल्याने त्यांचं काही कमी होत नाही. पण तो मान खोटा चिकटवला, तर परिचय वाचणाऱ्याची आणि संस्थेची विश्वासार्हता कमी होते. पुरस्कारांचंही तसंच. ‘अकादमी पुरस्कार’ असं मोघम न लिहिता साहित्य अकादमीचा, राज्य शासनाचा की एखाद्या संस्थेचा, हे पूर्ण नाव लिहून तपासावं.

तिसरी चूक पुस्तकांच्या वर्षांत होते. वाचनालयातली प्रत हाती घेतली आणि आतल्या पानावर दिसलेलं वर्ष लिहिलं, असं होतं. पण ते वर्ष अनेकदा तिसऱ्या किंवा पाचव्या आवृत्तीचं असतं. त्याच पानावर बारीक अक्षरात ‘पहिली आवृत्ती’ असं छापलेलं असतं. परिचयात तेच वर्ष घ्यायचं. ते सापडलं नाही, तर वर्ष न सांगताही वाक्य पूर्ण होतं. पहिला संग्रह कोणता आणि नंतरचा कोणता, हा क्रम श्रोत्याला पुरतो.

चौथी अडचण टोपणनावाची. १९८९ साली अमरावतीत अखिल भारतीय संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते के. ज. पुरोहित. कथावाचकांना ते ‘शांताराम’ या नावाने ठाऊक. अशा लेखकाच्या परिचयात फक्त पत्रिकेवरचं नाव वाचलं, तर त्यांच्या कथा वाचलेला श्रोताही त्यांना ओळखत नाही. फक्त टोपणनाव वाचलं, तर समोर बसलेल्या परिचितांना ते तुटक वाटतं. दोन्ही नावं पहिल्याच वाक्यात एकत्र यावीत आणि पुढे ज्या नावाने पुस्तकं आहेत, तेच वापरावं. आद्याक्षरं असतील, तर ती कशी उच्चारायची हेही कागदावर लिहावं: ‘के. ज.’ हे निवेदिकेने ‘के जे’ वाचलं की लगेच कुजबुज सुरू होते.

बोलण्यासाठी लिहिणं

छापील परिचय डोळ्यांनी वाचला जातो. चुकलं तर वाचक मागे जातो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. म्हणून इथे वाक्यं लहान हवीत, साधारण दहा-बारा शब्दांची, एका श्वासात मावणारी. एका वाक्यात एकच गोष्ट. ‘ज्यांनी… आणि ज्यांच्या… तसेच ज्यांना…’ अशी लांबत जाणारी वाक्यं कागदावर विद्वान दिसतात, पण वाचताना निवेदिकेचा श्वास मधेच संपतो आणि क्रियापदाशी पोचेपर्यंत श्रोता कर्ता विसरतो.

वर्षं आकड्यांत लिहू नयेत, अक्षरांत लिहावीत. ‘१९८३’ पाहिल्यावर ‘त्र्याऐंशी’ जिभेवर यायला क्षण लागतो, आणि अनेक निवेदक तिथे अडखळतात किंवा मधेच इंग्रजीत आकडा म्हणतात. ‘१९७४’ म्हणजे ‘चौऱ्याहत्तर’, ‘१९८९’ म्हणजे ‘एकोणनव्वद’, हे कागदावरच लिहिलेलं असलं की अडखळणं थांबतं. त्याहून बरं म्हणजे दोनच वर्षं ठेवावीत आणि बाकी काळ ‘त्यानंतर तेरा वर्षांनी’ असा सांगावा. ‘रूपगंधा’ आणि ‘रंग माझा वेगळा’ यांच्यात तेरा वर्षांचं अंतर आहे. दोन सनांपेक्षा हे अंतर कानाला जास्त सांगतं.

संक्षेप पूर्ण लिहावेत. ‘प्रा. डॉ.’ असं वाचता येत नाही. ‘प्राध्यापक डॉक्टर’ असं लिहावं, किंवा त्यातलं एकच ठेवावं. दिवंगत लेखकाच्या नावाआधी छापण्यात येणारं ‘कै.’ उच्चारायचं नसतं. एकदा ‘कविवर्य सुरेश भट’ म्हणावं, मग आदरार्थी बहुवचनात नुसतं ‘भट’ पुरेसं. प्रत्येक वाक्यात ‘कविवर्य’ आलं की शब्द झिजतो. आदर विशेषणांतून दिसत नाही, तो अचूक क्रियापदांतून दिसतो: ‘त्यांनी लिहिलं’, ‘त्यांनी शिकवलं’, ‘ते म्हणत’. एक ‘तो’ किंवा ‘त्याने’ चुकून राहिला, तर सगळ्या सभागृहाला खटकतो. म्हणून मसुदा झाल्यावर केवळ सर्वनामं तपासण्यासाठी एक वाचन वेगळं करावं.

काही ठरावीक वाक्यं पूर्ण काढून टाकावीत. ‘यांचा परिचय देणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं’ आणि ‘यांना परिचयाची गरज नाही’ ही ती दोन. पहिलं वाक्य झाल्यावर निवेदक दिवा दाखवतच राहतो. दुसरं ऐकल्यावर ज्याला खरोखर माहीत नाही, तो विद्यार्थी आपल्यालाच काही येत नाही असं समजून गप्प बसतो, आणि परिचय मुळात त्याच्यासाठीच असतो.

कवीच्या ओळी परिचयात घ्याव्यात का? गझलेच्या कार्यक्रमात घेऊ नयेत. जी ओळ गायक दहा मिनिटांनी गाणार, ती निवेदिकेने आधी सपाट सुरात वाचून टाकली की तिचा पहिला आघात गेला. व्याख्यानाचा कार्यक्रम असेल तर एखादी ओळ चालेल, पण ती वक्त्याला विचारून.

भटांचा परिचय, तयार कागद

एवढं सगळं लक्षात घेऊन लिहिलेला मजकूर असा होईल. प्रत्येक परिच्छेदानंतर एक श्वासाचा थांबा आहे.

“नमस्कार. आजची संध्याकाळ कविवर्य सुरेश भट यांच्या गझलांची आहे.

भट याच अमरावतीचे. एकोणीसशे बत्तीस साली त्यांचा जन्म इथे झाला आणि शिक्षणही इथेच झालं.

त्यांच्याआधी मराठीत गझल लिहिली गेली होती. माधव जूलियन यांनी ती लिहिली होती. पण आपण रोज बोलतो त्या मराठीत, आपल्या रागासकट आणि प्रेमासकट, गझल रुजवली ती भटांनी.

‘रूपगंधा’ हा त्यांचा पहिला संग्रह. त्यानंतर तेरा वर्षांनी ‘रंग माझा वेगळा’ आला. आणि मग ‘एल्गार’. ही तीन पुस्तकं ओळीने वाचली, की भट गझलेकडे कसे गेले ते दिसतं.

गझल कशी लिहावी, हे त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. नव्या कवींना पत्रं लिहून शिकवलं. आज मराठीत गझल लिहिणारे अनेक जण त्या बाराखडीचे विद्यार्थी आहेत.

आता ऐकण्याआधी एकच गोष्ट. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. दोन ओळींत तो पूर्ण होतो. पहिली ओळ प्रश्न उभा करते, दुसरी त्याला भिडते. त्या दोन ओळींच्या मधल्या क्षणाकडे लक्ष असू द्या.

सादर आहेत, सुरेश भट यांच्या गझला.”

शेवटून दुसऱ्या परिच्छेदावर थोडं थांबू, कारण हा परिच्छेद बहुतेक परिचयांत नसतो. रदीफ, काफिया, मतला असं काही तिथे समजावलेलं नाही. ते अभ्यासक मध्यंतरात सांगतील. पण गझल पहिल्यांदा ऐकणारा माणूस तिच्यात सलग गोष्ट शोधतो, आणि चौथ्या शेरात विषय बदलला की गोंधळतो. शेर स्वतंत्र असतो हे एकदा कळलं, की तो गोंधळ संपतो आणि दाद योग्य जागी येते. संपूर्ण परिचयात ऐकणाऱ्याच्या सर्वांत जास्त उपयोगाचा परिच्छेद तोच आहे, म्हणून तो शेवटी, गाणं सुरू होण्याच्या अगदी आधी ठेवला आहे.

‘धग’साठी, अकोल्यात

आता दुसरं उदाहरण. अकोल्यात साहित्यिक कार्यक्रमांची परंपरा जुनी. १९१२ साली तिथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हरी नारायण आपटे होते. अशा गावात वाचकवर्ग जाणता असतो, पण १९६० ची कादंबरी सगळ्यांनी वाचलेली असेलच असं नाही. इथे अभिवाचन आहे, म्हणजे लेखक समोर नाही आणि गाणंही नाही; एक वाचक पुस्तकातला भाग वाचणार. तर श्रोत्याला काय माहीत असायला हवं? पात्रं कोण आहेत, भाषा कशी आहे, आणि शेवट काय होतो ते मात्र नको.

लिहिण्यापूर्वी एक मोठा धोका ओळखायला हवा. ‘धग’मधली माणसं वऱ्हाडी बोलतात. वऱ्हाडीतल्या कार्यक्रमांत निवेदक अनेकदा आवाज चढवून, हेल काढून, हशा मिळवण्यासाठी बोली वापरतात, आणि श्रोते त्याला सरावलेले असतात. परिचयात तसा एक विनोदी वऱ्हाडी वाक्प्रयोग केला, की सभागृह हसण्याच्या तयारीत बसतं. मग कादंबरीतल्या कौतिकचं पहिलं वाक्य वाचलं गेलं की लोक हसतात, आणि त्या वाक्यात दुःख असतं. एकदा तिथे हसू आलं की ते पुढची वीस मिनिटं परत खाली बसवता येत नाही. म्हणून ‘धग’चा परिचय निवेदिकेने आपल्या नेहमीच्या सरळ मराठीत वाचावा, आणि बोलीबद्दल एक गंभीर वाक्य त्यात असावं.

“आज आपण उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या कादंबरीतला काही भाग ऐकणार आहोत.

शेळके यांचा जन्म हिंगणघाटचा. लिहिलं ते अमरावतीत राहून. लेखन हाच त्यांचा व्यवसाय होता. ‘शिळान’ हा त्यांचा कथासंग्रह, आणि एकोणीसशे साठ साली आलेली ‘धग’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी.

ही गोष्ट एका गरीब शिंपी कुटुंबाची आहे. महादेव हा नवरा. कौतिक ही बायको. घर उभं ठेवण्याची सगळी धडपड कौतिकची आहे. आज तिचं बोलणं आपल्याला जास्त ऐकू येईल.

ही माणसं वऱ्हाडीत बोलतात. ही बोली इथे विनोदासाठी नाही. पोटाची चिंता, मुलांची काळजी, न बोललेला राग, हे सगळं शेळके यांनी याच बोलीत सांगितलं आहे. आपल्या घरातलं कोणी बोलतं आहे असं समजून ऐका.

‘धग’चं वाचन सुरू होत आहे.”

हा परिचय भटांच्या परिचयापेक्षा लहान आहे, आणि ते मुद्दाम. अभिवाचनात पहिलं पान कथेत शिरायला स्वतःच वेळ घेतं. त्याआधी निवेदन लांबलं, की दोन सुरुवाती होतात. शेळके यांनी पुढे लिहिलेल्या अनेक लोकप्रिय कादंबऱ्यांची नावं इथे नाहीत. ती खरी आहेत, पण आजच्या वाचनाशी त्यांचा संबंध नाही. ज्याला रस वाटेल तो वाचनालयात जाऊन शोधेल.

हाच कार्यक्रम मुंबईत किंवा पुण्यात असेल, तर बोलीचा परिच्छेद बदलावा लागेल. तिथे ‘आपल्या घरातलं कोणी’ हे वाक्य चालणार नाही. त्याऐवजी वऱ्हाडी उच्चार कानाला सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, शब्द कळला नाही तरी थांबू नका, सूर पकडा, असं सांगावं लागेल.

लेखक समोर बसलेला असेल तर

पाहुणा लेखक हयात असेल आणि व्यासपीठावर असेल, तर तीन गोष्टी वाढतात. पहिली, आधी एक फोन. आलेला बायोडाटा पुरेसा नसतो. नाव नेमकं कसं उच्चारायचं, आज कोणत्या पुस्तकातून वाचणार आहात, आणि काय सांगितलेलं आवडणार नाही, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी असतं. कोणाला जुन्या नोकरीचं पद नको असतं, कोणाला आजारपण नको असतं, कोणाला एखादं सुरुवातीचं पुस्तक आता आपलं वाटत नसतं.

दुसरी, संबोधन. वऱ्हाडात थोरांना भाऊ, दादा, ताई, बाई, शिक्षकांना सर म्हणायची रीत आहे, आणि सभागृहातले निम्मे लोक पाहुण्यांना तसंच हाक मारत असतात. परिचयात पहिल्यांदा पूर्ण नाव घ्यावं. त्यानंतर गाव ज्या नावाने हाक मारतं, ते वापरलं तरी चालेल, पण मग सगळीकडे तेच. एकदा ‘सर’, एकदा ‘भाऊ’, एकदा ‘पाहुणे’ असं झालं, की तीन वेगळ्या माणसांबद्दल बोलतोय असं वाटतं. लेखिकेच्या परिचयात नवऱ्याचं किंवा मुलांचं कर्तृत्व येऊ नये. लेखकाच्या परिचयात ते येत नाही, मग तिच्याच का यावं?

तिसरी, शेवटचं वाक्य. इथे ते हाक असतं: ‘विनंती करते, त्यांनी आपल्याशी संवाद साधावा’, आणि मग पूर्ण नाव. नाव वाक्याच्या अगदी शेवटी आलं, की टाळ्या आपोआप तिथे पडतात. नावानंतर आणखी एक वाक्य जोडलं, की टाळ्यांमध्ये ते वाक्य हरवतं आणि पाहुणे अर्धवट उठलेले राहतात.

कागद आणि माईक

मजकूर तयार झाला की तो मोठ्या अक्षरात, एका बाजूला, ओळींत मोकळी जागा ठेवून लिहावा किंवा छापावा. ओळ श्वास संपतो तिथे तोडावी. पुस्तकाचं नाव दोन ओळींत विभागू नये. ‘रंग माझा’ या ओळीच्या शेवटी आणि ‘वेगळा’ पुढच्या ओळीत गेला, की नाव वाक्यासारखं वाचलं जातं. अवघड नावावर पेन्सिलने उच्चार लिहावा. मोबाइलवरून वाचायचं असेल, तर पडदा मधेच काळा होणार नाही अशी सोय आधी करावी, आणि कागदाची प्रत तरीही जवळ ठेवावी.

मग निवेदिकेने तो एकदा मोठ्याने, घड्याळ लावून वाचावा, आणि लिहिणाऱ्याने समोर बसून ऐकावं. जिथे ती अडखळते, तिथे दोष तिचा नसतो, वाक्याचा असतो. तिथेच वाक्य बदलावं. दोनदा अडखळलेला शब्द काढूनच टाकावा. वेळ दोन मिनिटांच्या वर गेली तर वेग वाढवू नये, एक मुद्दा कमी करावा.

शेवटी तयार परिचयाची एक सोपी परीक्षा घेता येते. तो एखाद्याला वाचून दाखवा, ज्याला लेखक फारसा माहीत नाही: शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला किंवा संस्थेच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला. मग त्याला एवढंच विचारा, की आता पुढे काय ऐकायला मिळणार आहे आणि त्यात तू कशाकडे लक्ष देशील? भटांच्या परिचयानंतर त्याने ‘दोन ओळींच्या मधल्या जागेकडे’ म्हटलं, किंवा ‘धग’च्या परिचयानंतर ‘कौतिकच्या बोलण्याकडे’ म्हटलं, तर परिचय तयार आहे. त्याने फक्त ‘खूप मोठे लेखक होते’ एवढंच सांगितलं, तर कागद पुन्हा घ्या, विशेषणं आणि पदव्या वगळा, आणि आज सादर होणाऱ्या कलाकृतीबद्दलचं एक वाक्य त्यात आणा.